पान्याचं पुस्तक

आमच्या घरात ण नव्हता. माझी बायको रेमी पाचूबंदरची, कोळ्याघरची, तिच्या माहेरी तो कधी नव्हताच. माझी आय आमच्या गास गावातच जन्मली नि गासमध्येच म्हातारी झाली, तिच्याही तोंडात तो कधी बसला नाही. मी चौथीत असताना मास्तरांनी "पाणी" म्हणायला लावलं, मी "पानी" म्हटलं, त्यांनी पट्टी मारली. पुन्हा म्हणायला लावलं, मी पुन्हा "पानी" म्हटलं. असं अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी मी दप्तर उचललं नि घरी आलो, ते परत गेलो नाही. लोक म्हणतात, इनास, एका अक्षरापायी शाळा सोडलीस. मी म्हणतो, एका अक्षरापायी त्यांनी मुलगा सोडला. ह्या पुस्तकात जे ण तुम्हाला दिसतायत ते माझी मुलगी फिलू टाइप करताना लावते. मी बोलतो, ती लावते. मात्र आमच्या माणसांच्या तोंडचं बोलणं जसं होतं तसंच ठेवायचं, हे मी तिला बजावलं आहे.

मी सांगतो ती गोष्ट घडली तेव्हा मी तिशीच्या अलीकडे होतो आणि फिलू सात-आठ वर्षांची. बाप वारला होता. वाडी माझ्या हातात होती. पुढे भातशेती, मागे केळी, पानवेल, थोडी भाजी, आणि मध्ये आमची बाव. विहिरीला आम्ही बाव म्हणतो. माझ्या लहानपणी तिच्यावर रहाट होता. बैल गोल फिरायचा नि रहाट सगळी सकाळ कुरकुरायचा. त्या आवाजात आम्ही उठलो, त्या आवाजात तांदळाची भाकरी नि सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं, त्या आवाजात आयने आम्हाला बडवलंसुद्धा. मग रहाट गेला, इंजिन आलं. इंजिनही आधी वाडीपुरतंच चालायचं, तासभर, फार तर दोन तास. पुढे नालासोपाऱ्यात, विरारात बिल्डिंगी उठल्या. बिल्डिंगीत नळ होते, नळांत काही नव्हतं. मग आमच्या गल्लीत टँकर शिरले, बावीचं पाणी विकत घ्यायला. दिवसाला एक, मग तीन, मग मी मोजणं सोडलं. इंजिन सकाळी सुरू झालं की जेवणाच्या वेळीच थांबायचं, दुपारी पुन्हा सुरू. त्या धडधडीत घरातलं कोणाचं बोलणं कोणाला ऐकू जायचं नाही. आय जपमाळ ओढायची ती ओठ हलताना दिसायची, शब्द नाही. मला ते बरं वाटायचं, हे आज कबूल करतो. इंजिन चालू असलं की मला कोणी काही विचारत नव्हतं.

मग चहा फाटायला लागला. दूध घातलं की वर चोथा, खाली पाणी. डाळ तासभर उकळून खडेच्या खडे. साबणाला फेस नाही. आय म्हणाली, कुस्तान दुधात काहीतरी घालते. कुस्तान मावशी आमची शेजारीण, तिच्याकडे दोन म्हशी. मला तेवढंच हवं होतं. मी तिच्या अंगणात जाऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो. "नासकं दूध देतेस? देवाला भी, रविवारी पहिल्या बाकावर बसतेस ना!" ती म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "इनास, माझ्या घरचा चहा बघ ये. तेच दूध, मिशनच्या बावीतलं पानी. फाटलाय का बघ. माझं दूध नाय नासलं रे, तुझं पानी नासलंय." फिलू माझा शर्ट धरून मागे उभी होती. तिने ते ऐकलं.

घरी येऊन मी बावीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. खारट. फार नाही, पण जिभेच्या कडेला लागत होतं. फिलू म्हणाली, "पपा, खारं कसं झालं?" मी म्हणालो, "समुद्र आत आला." "कुठून?" "जमिनीतनं." "आधी का नाय आला?" मुलं अशीच विचारतात, एकात एक अडकवत. माझ्या डोक्यात कुस्तानचं वाक्य घुमत होतं. मी खेकसलो, "मला काय विचारतेस? पुस्तकात असेल. पुस्तकात बघ." इंजिन सुरू करून मी निघून गेलो.

त्या दिवसापासून पोरीने एकच शब्द धरला. पुस्तक. जेवताना पुस्तक, निजताना पुस्तक. शाळेची पुस्तकं दाखवली, तिने मान हलवली. रेमी वैतागली. "तुझ्यावरच गेलीय, एक धरलं की सोडत नाय. ने बाबा तिला वाचनालयात, माझं डोकं फिरलंय." म्हणून एका शनिवारी दुपारी, बाजारात भाजी देऊन झाल्यावर, मी तिला घेऊन वाचनालयाचा जिना चढलो. मातीचे पाय, घामाचा शर्ट. मी वर पोचण्याआधीच रागावलेला होतो. पुस्तकांच्या जागी गेलं की मला आजही असंच होतं, उगाच कोणीतरी पट्टी घेऊन बसलंय असं वाटतं.

लांबट खोली. एका बाजूला म्हातारे पेपर वाचत बसलेले, दुसऱ्या बाजूला कपाटं, मध्ये टेबल आणि टेबलामागे शेलारबाई. मला नाव नंतर कळलं. साताऱ्याकडच्या, नवरा मुंबईला नोकरीला, राहायच्या नालासोपाऱ्यात बिल्डिंगमध्ये. फिलू टेबलापुढे उभी राहिली. टेबल तिच्या हनुवटीएवढं. म्हणाली,

"पुस्तक."

पेपरवाल्यांतला एक हसला. "बाई, दुकानात येऊन सामान द्या म्हणतेय पोरगी."

बाई हसल्या नाहीत. उठून टेबलाला वळसा घालून आल्या आणि एका बुटक्या स्टुलावर बसल्या. आता त्यांचं तोंड फिलूच्या तोंडासमोर आलं. "पुस्तक हवंय. बरं झालं आलीस. कशाबद्दलचं गं?"

मीच म्हणालो, "गोष्टीचं द्या कायतरी. राजा-रानीचं. दुसरीत आहे फिलू."

"देते दादा. पण आधी तिला सांगू दे हं." माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. माझ्या पोरीबद्दल मी बोलायचं नाही?

आणि मग त्या थांबल्या. नुसत्या थांबल्या. पंखा फिरत होता, खाली रस्त्यावर रिक्षा ओरडत होत्या, आणि ही बाई एका पोरीच्या तोंडाकडे बघत बसली होती. मास्तर कधी असा थांबला नाही. मास्तर विचारायचा नि उत्तराआधी हात उगारायचा. मला तर वाटलं, हिला दुसरं काम नाही. आज कळतं की तेच तिचं काम होतं.

पोरगी बोलत नाही असं बघून त्यांनी प्रश्न बदलला. मोठा प्रश्न लहान केला. "तुला बसून वाचायला मजेचं हवंय, की काहीतरी शोधून काढायचंय?"

"शोधायचंय."

"हां. मग गोष्टीतलं की खरंखुरं?"

"खरं."

"कशाचं खरं?"

फिलूने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "पान्याचं."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "पान्याचं?" फिलूने मान डोलावली. बाई उठून कपाटांकडे गेल्या. तिथे पुस्तकांच्या पाठीवर आकड्यांच्या चिठ्ठ्या असतात. पाचशेच्या आकड्यांत निसर्ग, विज्ञान. सहाशेच्यात शेती, यंत्रं, असल्या कामाच्या गोष्टी. बाई सहाशेच्या कपाटापाशी थांबल्या, बोट फिरवलं आणि एक पुस्तक काढून आणलं. उघडून दाखवलं. पानभर पाने. नट फिरवायचे पाने, लहान, मोठे, दुतोंडी. बाई देशावरच्या. त्यांच्या कानाला पान्याचं म्हणजे पान्याचं, पाण्याचं नाही.

मला तिथल्या तिथे कळलं. गासचं लहान पोरही सांगेल, पानी म्हणजे पाणी. एक शब्द बोलायचा होता मला. मी बोललो नाही. कारण फिलू कुठे चालली होती ते मला दिसलं. पाणी, मग बाव, मग खारं, मग का खारं. आणि पलीकडे खिडकीजवळ पेपरमागे बसला होता गासचाच एक मास्तर, मला पट्टी मारणारा नव्हे, पण आमच्या गल्लीतले टँकर रोज बघणारा. ज्या अक्षरासाठी मी मार खाल्ला, शाळा सोडली, त्याच्याच आड मी लपलो. वर म्हणालो, "हां, हां, बरोबर. घरी इंजिन आहे ना आमच्या. पोरीला पान्याचा नाद आहे. तेच द्या, लिहून घ्या."

एवढ्या वर्षांत मी लोकांना शिव्या दिल्या, मारामाऱ्या केल्या, भावकीशी अबोला धरला. त्यातल्या कशाची मला लाज नाही. ह्या एका वाक्याची आहे.

दुसरी कोणी असती तर तिने लिहून घेतलं असतं. बापाने सांगितलं, पुस्तक मिळालं, काम झालं. बाईंनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. पुन्हा स्टुलावर बसल्या. "फिलू ना तू? हेच शोधत होतीस का?"

तिच्या आधी मीच म्हणालो, "हेच हेच."

"नाही म्हटलंस तरी चालतं बरं का," बाई पोरीला म्हणाल्या. "मला राग येत नाही. मी चुकीचं आणलं तर परत ठेवायचं, एवढंच."

फिलूने पुस्तक हळूच मिटलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "हे नाय."

"नाही ना? मग माझं ऐकण्यात चुकलं. मला सांग, तू म्हणतेस ते कुठे असतं?"

"बावीत."

"बावीत म्हणजे?"

"बाव. आमची बाव. वाकून बघायचं नाय तिथे."

"विहीर! आणि विहिरीत पाना पडलाय?"

फिलूला हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "पडत नाय ओ! पितात ते!" आणि तिने ओंजळ करून तोंडाला लावली.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई, पानी! मी कुठे भलतीकडेच गेले." त्यांनी पानी म्हटलं. चांगल्या शिकलेल्या बाई, तोंडात ण असलेल्या, पण पोरीला सुधारायला गेल्या नाहीत. तिचा शब्द तिच्याच उच्चारात तिला परत दिला. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. माझ्या वेळी कुठे होतीस बाई तू?

मग गाडी सुरू झाली. "पान्याबद्दल खूप काही असतं. पाऊस असतो, समुद्र असतो, पान्यात राहणारे मासे, खेकडे असतात, प्यायचं पानी असतं. तुझं कुठलं?"

"प्यायचं. चहा फाटतो."

"अजून सांग."

"डाळ शिजत नाय. आधी गोडं होतं, आता खारं झालं. पपा बोलले समुद्र आला जमिनीतनं. पन आधी का नाय आला, ते पपा बोलले पुस्तकात असेल."

पेपर खाली झाले. मास्तराचा तर मांडीवरच आला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या फिलूला म्हणाल्या, "म्हणजे मला नीट कळलं का बघ हं. तुमच्या बावीतलं पानी आधी गोडं होतं. आता खारं झालंय. समुद्र तर पहिल्यापासून तिथेच आहे. मग खारं पानी आताच आत का आलं, हे सांगेल असं पुस्तक तुला हवंय. बरोबर?"

"हो!" एवढ्या मोठ्याने की स्वतःच दचकली.

"मोठ्या माणसांना पडत नाहीत असे प्रश्न," बाई म्हणाल्या आणि उठल्या. आता त्या पाचशेच्या कपाटाकडे गेल्या. आधी मुलांचं एक पुस्तक काढलं, पाण्याचं, चित्रांचं. शेवटची पानं उघडून शब्दांची यादी बघितली, बोट खाली खाली नेलं, मान हलवली. "ढग आहेत, नदी आहे, विहिरीचं नाही ह्यात." मग दुसरं. तेही परत ठेवलं. मग कपाटाच्या तळातून एक पातळ पुस्तिका काढली, शेतकऱ्यांसाठी छापलेली, किनाऱ्यावरच्या विहिरींबद्दलची. अनुक्रमणिका वाचली, मधलं पान उघडलं, उभ्या उभ्या स्वतः आधी वाचलं आणि मग आणलं. "हे मोठ्यांसाठी आहे. अक्षरं बारीक आहेत. पण चित्र बघ, तुझ्या प्रश्नाचं वाटतंय."

जमीन कापून दाखवलेलं चित्र होतं. वर माती, झाड. खाली गोडं पाणी, त्याच्या खाली खारं. बाईंनी बोट ठेवून सांगितलं, "पावसाचं गोडं पानी हलकं असतं, म्हणून ते खाऱ्याच्या डोक्यावर बसून राहतं. हलकं आहे पण दाबून ठेवतं त्याला. बाव वरच्या गोड्या पान्यापर्यंतच असते. थोडं थोडं काढलं तर पाऊस परत भरतो. खूप काढलं तर वरचं वजन कमी होतं आणि खालचं खारं वर चढतं. असं सुळक्यासारखं, बरोबर बावीच्या खाली. असं ह्यात लिहिलंय. मला स्वतःला माहीत नव्हतं, आत्ता वाचलं."

मी पुढे झालो आणि टेबलावर हात आपटला. "बस झालं. फिलू, चल. बाई, तुम्ही कुठे राहता?"

"नालासोपाऱ्याला."

"पानी कुठनं येतं बिल्डिंगीत?"

"टँकरने."

"मग? आमचंच पिता नि आमच्याच पोरीला आमच्यावर सोडता?"

बाईंचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "तुमचंच असेल दादा. नाही म्हणत नाही मी. पण तिने पुस्तक मागितलं, मी पुस्तक दिलं. तुम्हाला मी काहीच विचारलेलं नाही."

"घरी नाय न्यायचं हे पुस्तक. सही नाय करनार मी."

"नका करू. सही घरी न्यायला लागते. इथे बसून वाचायला काही लागत नाही." आणि त्यांनी खुर्ची ओढून दिली. मला नाही, फिलूला.

पोरगी बसली. मी तिचा दंड धरला होता, तो तिने सोडवून घेतला, जोर न लावता, जसं कोणी काटा काढतं. चित्रावर वाकली. बोटाने झाडावरून मातीवर, मातीवरून गोड्यात, गोड्यातून बावीत गेली. बावीतून वर एक नळी जात होती. नळीच्या टोकाला, बावीच्या काठावर, एक चौकोनी डबा काढला होता आणि त्यातून धूर. फिलूचं बोट तिथे थांबलं. मग तिने वर पाहिलं.

"पपा, हे आपलं इंजिन आहे?"

पुढचं सांगण्याआधी एक सांगतो, कारण गावातले काही हुशार ही गोष्ट गोड करून सांगतात. दुसऱ्या दिवशी मी टँकरवाल्याला परत पाठवलं, हे खरं. "खारं झालं तरी चालेल, लोकांना धुवायला लागतं," असं तो म्हणाला, तेव्हा मी त्याची कॉलर धरली, हेही खरं. पण तो माझ्याकडून निघाला तो पुढच्या बावीवर गेला, आणि तिथून त्याच्या पुढच्या. माझी बाव काही गोडी झाली नाही. पानवेल गेली, केळीची पानं कडेकडेने करपून गेली. जमिनीखाली कुंपण नसतं. मी एकट्याने थांबून काय होणार होतं? कुस्तान मावशीची माफी मी मागितली नाही. फक्त तिच्या दाराशी एक केळीचा घड ठेवून आलो, तो तिने तसाच परत माझ्या दाराशी आणून ठेवला. माझा राग आजही आहे. टँकरवर आहे, बिल्डिंगींवर आहे, ज्यांनी नळ बसवले नि पाणी दिलं नाही त्यांच्यावर आहे. त्यातला माझ्या वाट्याचा किती, ते मला त्या दुपारी कळलं.

फिलू माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत आरोप नव्हता, असता तर मी ओरडून मोकळा झालो असतो. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. मला तीन खोटी उत्तरं सुचली. आपलं लहान आहे. सगळ्यांचीच आहेत. हे पुस्तकातलं आहे, आपलं नाय. तिसरं तर मी तोंडापर्यंत आणलं होतं. मग म्हणालो, "हो."

अगदी बारीक. माझं मलाच ऐकू आलं नाही नीट. टेबलाशी बाईंनी पटकन मान वळवली आणि कार्डांचा गठ्ठा चाळायला लागल्या, ऐकलंच नाही अशा. मला वाचवायला म्हणून. मास्तरानेही पेपर वर केला. म्हाताऱ्यांनी केले. सगळी खोली माझ्यावर दया करत होती, आणि दया मी बापाच्या मयतीतसुद्धा कोणाकडून घेतली नव्हती.

मी सरळ उभा राहिलो. रहाटाच्या बैलाला हाकारायचो त्या आवाजात म्हणालो, "हो. ते आपलंच इंजिन आहे. पानी मीच उपसलंय. मास्तर, पेपर खाली करा, तुम्हालाही सांगतोय."